उंची कोणत्या पट्टीने मोजायची?



मागच्या महिन्यात पलसाण्याच्या दवाखान्यात एक कुटुंब आलं. मूळ गाव अमळनेरकडचं, वीस वर्षांपासून इकडे. वडील डाइंग मिलमध्ये कामाला. सोबत आई, आजी, बारावीतला मुलगा आणि दहावीतली मुलगी. (त्यांना विचारूनच लिहितोय, आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत.) आईच्या हातात दोन गोष्टी होत्या. एक, शाळेतल्या आरोग्य तपासणीचा कागद, ज्यावर मुलीच्या नावापुढे 'वयाच्या मानाने खुजी' असा शेरा होता. दुसरी, उंची वाढवणाऱ्या पावडरीचा रिकामा डबा. असे तीन डबे संपले होते आणि चौथा घ्यावा का, हे विचारायला मंडळी आली होती. डब्याची किंमत वडिलांच्या दोन दिवसांच्या पगाराएवढी.

मुलगी खाली मान घालून बसलेली. दहावीचं वर्ष, आणि वर्गात सगळ्यांसमोर कागद वाचला गेलेला. आजी मात्र शांतपणे म्हणाली, "आमना घरमा सर्वा ठेंगनाच शेतस, डाक्टर." आजीच्या या एका वाक्यात बरंच काही होतं, पण त्याकडे नंतर येतो.

मुलगा दाराजवळ मोबाइल बघत उभा होता. त्याच्या कागदावर 'सर्व सामान्य' लिहिलेलं होतं, त्यामुळे त्याला कोणी तपासायला आणलेलंच नव्हतं.

आधी मी मुलीची उंची पुन्हा मोजली. घरी मोजताना हे लक्षात ठेवा: चप्पल-मोजे काढायचे, केसांचा अंबाडा किंवा क्लिप सोडायची, टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला टेकवायची, नजर समोर सरळ, हनुवटी वर नाही. डोक्यावर पुस्तक किंवा पाटी भिंतीशी काटकोनात ठेवायची आणि खूण करायची. दोनदा मोजायचं. घाईत मोजलेल्या उंचीत एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात मूल रेषेच्या वर-खाली जातं. या मुलीचं मोजमाप मात्र बरोबर होतं. वय पूर्ण १५, उंची १४७ सेंटिमीटर, वजन ४० किलो.

मग शेरा चुकला होता का? नाही. ज्या तक्त्यावर तिची उंची मांडली होती, त्या तक्त्याप्रमाणे शेरा बरोबर होता. प्रश्न तक्त्याचा होता.

शाळकरी मुलांची वाढ तपासायला आपल्याकडे मुख्यतः दोन तक्ते वापरले जातात. एक जागतिक आरोग्य संघटनेचा, २००७ सालचा, ५ ते १९ वर्षांसाठी. दुसरा आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा, २०१५ सालचा, ५ ते १८ वर्षांसाठी. जागतिक तक्त्यावर १५ वर्षांच्या मुलीची मधली उंची १६१ सेंटिमीटरच्या पुढे आहे आणि खुजेपणाची रेषा सुमारे १४८ वर येते. आपली मुलगी १४७, म्हणजे रेषेच्या खाली. भारतीय तक्त्यावर तीच मुलगी मधल्या रेषेच्या खाली, पण सर्वात खालच्या रेषेच्या बरीच वर बसते. एका कागदावर आजारी, दुसऱ्या कागदावर ठीक. आईने सरळ विचारलं, "डॉक्टरसाहेब, मग खरं कोणतं?"

त्यासाठी हे तक्ते कुठून आले ते बघावं लागेल.

पाच वर्षांखालच्या मुलांचा जागतिक तक्ता २००६ सालचा. तो फार विचारपूर्वक केला गेला. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुलं त्यात होती. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची. निवड अशा घरांतून केली होती, जिथे बाळाला आईचं दूध मिळत होतं, आई धूम्रपान करत नव्हती आणि वाढीच्या आड येईल अशी गरिबी नव्हती. चांगलं पोषण मिळालं तर पहिल्या पाच वर्षांत सहाही देशांची मुलं जवळजवळ सारखीच वाढतात, असं त्यातून दिसलं. म्हणून अंगणवाडीत हाच तक्ता वापरतात, आणि पाच वर्षांपर्यंत आम्ही डॉक्टरही तोच वापरतो. त्याबद्दल वाद नाही.

पण पाच वर्षांनंतरच्या तक्त्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. नावात 'जागतिक' असलं तरी त्यासाठी देशोदेशींची शाळकरी मुलं मोजलेली नाहीत. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत मोजलेल्या मुलांचे जुने आकडे घेऊन, ते नव्या पद्धतीने मांडून आणि लहान मुलांच्या तक्त्याला नीट जोडून तो तयार केला. तेव्हाचे आकडे घेण्यामागेही कारण होतं: अमेरिकेत मुलांचा लठ्ठपणा वाढण्याआधीचा तो काळ होता. पण त्यात भारतातलं एकही मूल नाही. शिवाय १० वर्षांनंतर त्यात नुसत्या वजनाचा तक्ताच नाही.

आता भारतीय तक्ता. तो पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संघटनेसाठी तयार केला, आणि जानेवारी २०१५ च्या 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये तो छापून आला. देशातल्या नऊ गटांनी आधी केलेली मोजमापं एकत्र केली. एकूण ८७,०२२ मुलं, १४ शहरांतली. त्या शहरांत मुंबई, पुणे आणि अहमदाबादबरोबर आपलं सुरतही आहे! सगळी मुलं मध्यम आणि वरच्या आर्थिक वर्गातली. त्यांतून जाड मुलांची मोजमापं वगळली, आणि शेवटी ३३,१४८ मुलांच्या आकड्यांवर रेषा काढल्या.

जाड मुलं का वगळली? समजा शहरातल्या शाळांमध्ये मुलं जाड होत चालली आहेत, आणि आपण ती सगळी धरून 'सरासरी' काढली. मग जाडपणाच सरासरी ठरेल आणि जाड मूल 'नॉर्मल' दिसेल. ते टाळायला हा उपाय.

इथे एक शंका येते, आणि मिलमधल्या एका शिक्षित मुकादमांनी ती मला एकदा रागाने विचारली होती. "म्हणजे आमच्या पोरांसाठी खालची पट्टी? गोऱ्यांना एक माप आणि आम्हाला दुसरं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट देतो. भारतीय तक्त्यात गरीब, कुपोषित मुलांची सरासरी धरलेली नाही. खाऊन-पिऊन सुखी घरांतली भारतीय मुलं आज किती वाढतात, ते त्यात आहे. मिल कामगाराचं मूल त्याच्याशी ताडून बघितलं, तर त्याची तुलना पुण्या-सुरतच्या सोसायट्यांतल्या मुलांशी होते. तिथेही मागे पडलं तर ते खरंच मागे आहे.

तरी त्यांच्या शंकेत खरं एक आहे. आज सुखवस्तू घरातल्या मुलाची आईदेखील तीस-चाळीस वर्षांपूर्वी कदाचित अर्धपोटी वाढलेली असते, आणि उंची एका पिढीत पूर्ण भरून निघत नाही. भारतीय तक्ता आपण आज कुठे आहोत ते दाखवतो. आपण कुठवर जाऊ शकतो, त्याची ती शेवटची मर्यादा नव्हे. याआधीचा भारतीय तक्ता १९८९ ते ९१ मधल्या मोजमापांवर होता, तो बदलावा लागला. २०१५ चाही केव्हातरी बदलावा लागेल.

या मुलीकडे परत येऊ. इथे आजीचं वाक्य कामाला आलं. मी आई-वडिलांचीही उंची मोजली. आई १४८, वडील १६२. मुलांची अपेक्षित उंची काढायची एक सोपी रीत आहे. आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करायची. मुलगी असेल तर त्यातून १३ वजा करायचे, मुलगा असेल तर १३ मिळवायचे. आणि आलेल्या संख्येला दोनाने भागायचं. मुलीसाठी: १४८ अधिक १६२, म्हणजे ३१०. त्यातून १३ गेले, राहिले २९७. निम्मे केले की १४८.५. यात सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतात. मुलगी १४७ आहे. म्हणजे घराण्याने तिला जेवढं दिलं, जवळजवळ तेवढी ती वाढली आहे.

मग पाळीबद्दल विचारलं. साडेबाराव्या वर्षी सुरू झाली, नियमित आहे. पाळी सुरू झाल्यावर मुलींची उंची साधारण पाच-सात सेंटिमीटरच वाढते आणि दोन-तीन वर्षांत थांबते. तिची वाढ आता संपत आली आहे. त्यामुळे कोणतीही पावडर काही करू शकत नव्हती, आणि आधीचे तीन डबेही काही करणार नव्हते. उंचीच्या मानाने तिचं वजनही व्यवस्थित होतं. हिमोग्लोबिन तेवढं तपासलं. ते थोडं कमी निघालं, त्यासाठी लोहाच्या गोळ्या दिल्या. पावडर बंद. मुलीने पहिल्यांदा मान वर केली.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण निघता निघता मुलगा वळला आणि त्याच्या कॉलरच्या वर मानेची कातडी दिसली. काळी, मखमलीसारखी जाड. आई म्हणाली, "घासून घासून थकले, मळ निघतच नाही." तो मळ नसतो, मंडळी. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसलं की मानेवर, काखेत अशी कातडी होते.

त्याला आत बोलावलं. वय साडेसतरा, उंची १६६, वजन ६५ किलो. तुम्ही म्हणाल, चांगला तर आहे! बहिणीसारखीच त्याचीही अपेक्षित उंची काढली तर १६१.५ येते, त्याहून तो उंचच. शाळेच्या कागदानेही तेच सांगितलं होतं. आता बीएमआय काढू. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. ६५ भागिले १.६६ म्हणजे ३९.१६, आणि पुन्हा भागिले १.६६ म्हणजे २३.६. जागतिक तक्त्यावर या वयाच्या मुलाची जादा वजनाची रेषा साडेचोवीसच्या आसपास आहे. २३.६ म्हणजे ठीक. भारतीय तक्त्यावर मात्र तीच रेषा २३ च्या किंचित खाली येते. तिथे हा मुलगा जादा वजनाचा ठरतो.

हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. जागतिक तक्त्यातल्या रेषा मोठेपणीच्या २५ आणि ३० या बीएमआयला जाऊन मिळतात. भारतीय तक्त्यातल्या २३ आणि २७ ला. म्हणजे उंचीच्या बाबतीत भारतीय तक्ता नरम आहे, पण वजनाच्या बाबतीत तो जागतिक तक्त्यापेक्षा कडक आहे. 'खालची पट्टी' म्हणणाऱ्या मुकादमांना मी हेच दाखवलं होतं.

असं कडक का, हे समजायला पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो आठवतो. केईएम रुग्णालयातले हे डॉक्टर आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी तपासली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. तेवढ्याच वजनात आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि तीही पोटात. म्हणून मधुमेह आपल्याला कमी वजनात आणि कमी वयात गाठतो. गोऱ्या माणसाच्या रेषेवर थांबलो तर आपल्या मुलाला उशीर झालेला असतो.

या मुलाची कंबर ८६ सेंटिमीटर भरली. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, म्हणजे त्याची ८३ च्या आत हवी होती. वडिलांना एकेचाळिसाव्या वर्षीच मधुमेह झालेला. मुलाची उपाशीपोटीची साखर १०८ आली. शंभरच्या आत हवी. १२६ ला मधुमेह म्हणतात. हा उंबरठ्यावर उभा होता.

त्या घराने वर्षभर ज्या मुलीची काळजी केली तिला काही झालं नव्हतं, आणि ज्याला काही होत होतं तो दारात उभा राहून पुडीतली फरसाण खात होता. दोन्ही वेळी कारण एकच, न जुळणारा तक्ता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पाच वर्षांपर्यंत जागतिक तक्ता. पाचनंतर दवाखान्यात आणि शाळेच्या तपासणीत भारतीय तक्ता. आपली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. जागतिक तक्त्याचा उपयोग वेगळ्या कामाला आहे: देशांची तुलना करायची असेल, किंवा सरकारला किती मुलं मागे आहेत हे मोजायचं असेल तेव्हा. २०१६ ते १८ मध्ये देशभर झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी मुलांसाठी तोच वापरला होता, आणि तिथे तो योग्यच आहे. सगळ्या जगाला एकच फूटपट्टी लावल्याशिवाय तुलना होत नाही. पण समोर बसलेल्या एका मुलीला औषध द्यायचं की नाही, हे त्यावरून ठरवू नये.

तक्ता बदलताना एक गंमत होते, ती माहीत असू द्या. पाचव्या वर्षी मूल जागतिक तक्त्यावरून भारतीय तक्त्यावर आलं की त्याची जागा एकदम वर सरकू शकते. मूल तेवढंच असतं, फक्त कागद बदललेला असतो. "बघा, किती सुधारलं!" म्हणून पेढे वाटू नका. तसंच, एकाच मुलाची नोंद एकदा या तक्त्यावर आणि एकदा त्या तक्त्यावर करू नका. शहर बदललं, डॉक्टर बदलले, तर फाइल सोबत न्या आणि मागची मोजमापं सेंटिमीटर-किलोत, तारखेसह दाखवा.

तारखेवरून आठवलं. आपल्याकडे गावाहून आलेल्या बऱ्याच मुलांची जन्मतारीख शाळेत १ जून लिहिलेली असते. प्रवेशाच्या सोयीसाठी गुरुजींनी टाकलेली. एका मुलाचं वय कागदावर अकरा होतं, आणि आईला विचारलं तर जन्म 'दिवाळीनंतरचा' निघाला. म्हणजे पाच-सहा महिन्यांनी लहान. त्या वयात सहा महिन्यांत अडीच-तीन सेंटिमीटर वाढ होते. दोन तक्त्यांमध्ये जेवढा फरक असेल, जवळपास तेवढा फरक चुकीच्या तारखेनेच पडतो. डॉक्टरांना खरी तारीख सांगा. शाळेत काहीही असो.

आणि एक गोष्ट भारतीय तक्त्याच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी. मूल रेषांच्या आत आहे म्हणजे ठीक आहे, असं नेहमीच नसतं. जोळव्याचा एक मुलगा सहाव्या वर्षी अगदी मधल्या रेषेजवळ होता. आठव्या वर्षी आला तेव्हा खालच्या रेषांकडे उतरला होता, तरी 'आत'च होता. पण दोन वर्षांत त्याची उंची फक्त सात सेंटिमीटर वाढली होती, वर्षाला साडेतीन. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढायला हवं. चारहून कमी वाढलं तर कारण शोधावं लागतं. त्याला थायरॉइडचा त्रास निघाला. त्याचं निदान कोणत्याही एका दिवशीच्या मोजमापातून झालं नसतं, दोन तारखा लागल्या. म्हणून दर सहा महिन्यांनी, दिवाळीला आणि अक्षय्य तृतीयेला म्हणा हवं तर, दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा.

त्या बारावीतल्या मुलाला औषध दिलेलं नाही. मिलच्या कॅन्टीनमधून रोज घरी येणारं तळलेलं बंद, कोल्ड्रिंक बंद, रात्रीच्या जेवणात भाताऐवजी भाकरी आणि डाळ, आणि संध्याकाळी तासभर मैदानावर. वजन लगेच उतरवायचं नाही, आधी थांबवायचं. तीन महिन्यांनी पुन्हा साखर तपासायची. आजीने मात्र जाता जाता विचारलं, "भाकर कळण्याची चालेल ना?" ज्वारी आणि उडदाची ती भाकरी म्हणजे खानदेशाची शान. म्हटलं, आजी, तीच चालेल, फक्त वर तेलाची धार कमी.